७.६० सीजीपीए परदेशी रेझ्युमेवर कसा लिहावा?

प्रश्न: माझा इंजिनिअरिंगचा सीजीपीए १० पैकी ७.६० आहे आणि विद्यापीठाच्या सूत्राने त्याचे ६८.५ टक्के होतात. अमेरिका, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या कंपन्यांना अर्ज करतोय. मित्र म्हणतो, सरळ ०.४ ने गुण आणि ४ पैकी जीपीए लिही. तसं लिहू का? आणि जर्मनी-ब्रिटनसाठी काय लिहायचं?

उत्तर:

०.४ ने गुणून येणारा ३.०४ हा आकडा लिहू नका. मूळ सीजीपीए कितीपैकी आहे ते दाखवून लिहावा, त्याला विद्यापीठाने दिलेल्या वर्गाची जोड द्यावी, आणि रूपांतरित आकडा द्यायचाच असेल तर तो कोणी व कोणत्या पद्धतीने काढला हे त्याच ओळीत नमूद करावे. तिन्ही देशांसाठी एवढा पाया समान राहतो. त्यावर आणखी काय लिहायचे ते देशागणिक बदलते.

गुणाकाराची ही युक्ती फार प्रचलित आहे, त्यामुळे तिच्यात नेमके काय चुकते ते आधी पाहू. १० पैकी गुणांना ०.४ ने गुणताना आपण असे गृहीत धरतो की दोन्ही मोजपट्ट्या सारख्याच आखलेल्या आहेत आणि फक्त त्यांची लांबी वेगळी आहे. प्रत्यक्षात तसे नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेयांक पद्धतीत 'ओ' श्रेणीला १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८, 'बी प्लस'ला ७, 'बी'ला ६, 'सी'ला ५ आणि उत्तीर्णतेच्या शेवटच्या 'पी' श्रेणीला ४ गुणांक मिळतात. अमेरिकेतील नेहमीच्या पद्धतीत 'ए'ला ४, 'बी'ला ३, 'सी'ला २ आणि 'डी'ला १ मिळतो. आपल्याकडे उत्तीर्णतेच्या वर सात पायऱ्या आहेत आणि तिकडे, अधिक-उणे सोडल्यास, चार. एका पट्टीवरची कोणती पायरी दुसरीवरच्या कोणत्या पायरीसमोर येते हे त्या त्या विद्यापीठाची गुण देण्याची पद्धत पाहून ठरवावे लागते, आणि ते एकूण सरासरीवरून ठरवता येत नाही. ते विषयवार ठरवावे लागते.

हे एका सत्राच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रत्येकी ४ श्रेयांकांचे पाच विषय घ्या. एका विद्यार्थ्याला ९, ८, ७, ७ आणि ७ गुणांक मिळाले. त्यांची बेरीज ३८ होते आणि पाचांनी भागल्यावर सरासरी ७.६० येते. दुसऱ्या विद्यार्थ्याला ८, ८, ८, ७ आणि ७ मिळाले. त्याचीही बेरीज ३८ आणि सरासरी ७.६०. आता समजा, मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने या विद्यापीठासाठी ८ व त्यावरचे गुणांक अमेरिकी 'ए' मानले आणि ७ हा 'बी' मानला. हा तक्ता केवळ उदाहरणापुरता आहे, प्रत्येक संस्थेचा तक्ता निराळा असतो. या तक्त्याप्रमाणे पहिल्याचे दोन विषय ४ चे आणि तीन विषय ३ चे झाले, म्हणजे जीपीए ३.४ आला. दुसऱ्याचे तीन विषय ४ चे आणि दोन ३ चे झाले, त्याचा जीपीए ३.६ आला. मित्राच्या युक्तीने मात्र दोघांनाही ३.०४ मिळाले असते.

सीजीपीए तंतोतंत सारखा असूनही दोघांचा अमेरिकी जीपीए वेगळा निघाला, याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. एकूण सीजीपीए घेऊन त्यातून ४ पैकी जीपीए काढणारे कोणतेही एक सूत्र बरोबर असूच शकत नाही, कारण आवश्यक ती माहिती सरासरी काढतानाच गमावलेली असते. तुमच्या बाबतीत तोटा आणखी एका दिशेने होतो. टक्क्यांना २५ ने भागण्याची जी दुसरी युक्ती सांगितली जाते, तिने ६८.५ चे २.७४ होतात. अमेरिकेतील नवपदवीधरांच्या जाहिरातींमध्ये ३.० ची अट बरेचदा असते. म्हणजे एका युक्तीने तुम्ही अटीच्या थोडे वर आणि दुसऱ्या युक्तीने चांगलेच खाली, आणि दोन्ही आकड्यांना आधार शून्य.

टक्क्यांविषयी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. अमेरिकी कंपनीला पाठवायच्या रेझ्युमेवर नुसते '६८.५ टक्के' लिहिणे हे सगळ्यांत नुकसानकारक आहे. तिथल्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रचलित पट्टीत ९० च्या वर 'ए', ८० च्या वर 'बी', ७० च्या वर 'सी' आणि साठीच्या घरातले गुण 'डी' असतात. आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम वर्ग मिळतो हे वाचणाऱ्याला ठाऊक नसेल तर तुमचा प्रथम वर्ग त्याला जेमतेम उत्तीर्णतेसारखा दिसतो. सीजीपीएमधून टक्के काढण्याची सूत्रेही एकसारखी नाहीत. तुमचे विद्यापीठ सीजीपीएतून ०.७५ वजा करून १० ने गुणणारे सूत्र वापरते असे तुमच्या आकड्यावरून दिसते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या समतुल्यता तक्त्यातही ६.७५ समोर ६० टक्के याच हिशेबाने येतात. इतर विद्यापीठांनी वेगळे गुणक आणि वेगळे स्थिरांक ठरवले आहेत, आणि ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेले असतात.

या संदर्भात ९.५ ने गुणण्याची सवय कटाक्षाने टाळावी. तो गुणक केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या सीजीपीएसाठी दिला होता. ९१ ते १०० या गटातील विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी ९५ च्या आसपास येते, या निरीक्षणावरून तो आला. शालेय परीक्षेच्या एका गटावरून निघालेला हा गुणक इंजिनिअरिंगच्या सीजीपीएला लावण्यास काहीच आधार नाही. तो लावला तर तुमचे ७२.२ टक्के होतात, म्हणजे विद्यापीठाच्या आकड्यापेक्षा जवळजवळ चार टक्के जास्त. नियुक्तीनंतर होणाऱ्या पार्श्वभूमी पडताळणीत कागदपत्रे तपासणारी संस्था रेझ्युमेवरचा आकडा गुणपत्रिकेशी किंवा विद्यापीठाच्या कन्व्हर्जन सर्टिफिकेटशी जुळवून पाहते. तिथे ७२.२ आणि ६८.५ अशी तफावत आढळली की अहवालात 'विसंगती' असा शेरा पडतो. उमेदवाराचा हेतू स्वच्छ होता की नाही हे पडताळणी करणारा पाहत नाही. त्याचे काम आकडे जुळतात की नाही एवढेच सांगण्याचे असते.

आता अमेरिकेसाठी प्रत्यक्ष ओळ. तुमच्याकडे कोणत्याही संस्थेचा मूल्यमापन अहवाल नाही असे धरून मी ती अशी लिहीन:

```
B.E. Computer Engineering
CGPA: 7.60/10 (First Class; minimum pass 4.0)
```

उत्तीर्णतेची किमान पातळी लिहिण्याची पद्धत फारशी रूढ नाही, पण माझ्या मते या ओळीतील सर्वांत उपयोगी शब्द तेच आहेत. वाचणाऱ्याला पट्टीची दोन्ही टोके दिसतात आणि ७.६० हा आकडा त्या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो याचा अंदाज त्याला कोणत्याही सूत्राशिवाय करता येतो. 'किमान ४' हे तुमच्या गुणपत्रिकेवर किंवा विद्यापीठाच्या नियमांत तसेच असल्याची खात्री मात्र करून घ्यावी, कारण काही ठिकाणी पदवीसाठी किमान सीजीपीए ५ लागतो. विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने लेखी दिलेला गुणानुक्रम तुमच्याकडे असेल तर तोही याच ओळीत घालावा. 'वर्गात पहिल्या दहा टक्क्यांत' हे विधान कोणत्याही देशातील वाचकाला रूपांतराविना समजते. लेखी आधार नसेल तर ते लिहू नये.

४ पैकी जीपीए हवाच असेल तर त्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे परदेशी पदव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडून विषयवार अहवाल घेणे. 'वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस' ही त्यांपैकी आपल्याकडे सर्वांत परिचित संस्था. अहवालाचे प्रकार दोन असतात आणि इथे बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात. एक प्रकार केवळ तुमची पदवी तिकडच्या कोणत्या पदवीशी समकक्ष आहे एवढेच सांगतो. दुसरा प्रत्येक विषयाची श्रेणी, श्रेयांक आणि त्यावरून निघणारा जीपीए देतो. रेझ्युमेवर जीपीए लिहिण्यासाठी दुसराच लागतो. कॅनडाच्या स्थलांतर प्रक्रियेसाठी ज्यांनी आधीच समकक्षतेचा अहवाल घेतलेला असतो, त्यांना त्यात जीपीए सापडत नाही, आणि मग अहवाल अपुरा आला की काय अशी शंका येते. तो अपुरा नसतो. त्या कामासाठी जीपीएची गरजच नसते. विषयवार अहवाल हाती आल्यावर ओळ अशी होते (यातील ३.४५ हा आकडा नमुन्यादाखल आहे):

```
CGPA: 7.60/10 | U.S. GPA: 3.45/4.0 (WES course-by-course)
```

मूळ आकडा इथेही काढून टाकायचा नाही. पडताळणी करणाऱ्याच्या हातात तुमची गुणपत्रिका असेल आणि तिच्यावर ७.६० च छापलेले असेल.

अडचण येते ती ऑनलाइन अर्जात. जीपीएच्या रकान्याशेजारी पट्टी निवडण्याची सोय असेल तर १० निवडून ७.६० भरावे. रकाना ऐच्छिक असेल तर रिकामा सोडून रेझ्युमेवरच्या ओळीवर विसंबावे. रकाना सक्तीचा असेल आणि ४ पेक्षा मोठा आकडा स्वीकारत नसेल, तर वर सांगितलेल्या संस्थेने संकेतस्थळावर विनामूल्य दिलेल्या जीपीए गणकात विषयवार श्रेणी भरून येणारा आकडा घ्यावा, आणि अर्जात शेऱ्यासाठी जिथे कुठे जागा असेल तिथे तो अंदाजित असल्याचे व मूळ सीजीपीए १० पैकी ७.६० असल्याचे लिहावे. त्या गणनेची प्रत जपून ठेवावी. सहा महिन्यांनी कोणी विचारले तर आकडा कुठून आला हे दाखवता आले पाहिजे.

जर्मनीची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे रूपांतराचे एक सर्वमान्य सूत्र आहे आणि ते तुम्ही स्वतः वापरू शकता. त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात:

```
x = 1 + 3 * (Nmax - Nd) / (Nmax - Nmin)
```

यात `Nmax` म्हणजे तुमच्या पट्टीवरचा सर्वोच्च गुण, `Nmin` म्हणजे उत्तीर्णतेचा किमान गुण आणि `Nd` म्हणजे तुम्ही मिळवलेला गुण. जर्मन पट्टी उलटी चालते. १.० सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची मर्यादा. तुमचे आकडे घातले तर १० मधून ७.६० वजा जाऊन २.४ उरतात, १० मधून ४ वजा जाऊन ६ उरतात, भागाकार ०.४ येतो, त्याची तिप्पट १.२ आणि त्यात १ मिळवून २.२. जर्मन वर्गवारीत १.६ ते २.५ हा पट्टा 'चांगला' समजला जातो, म्हणजे तुम्ही त्या पट्ट्यात बऱ्यापैकी आत आहात.

हेच सूत्र तुम्ही टक्क्यांवर चालवले तर काय होते ते पाहा. कमाल १००, किमान ४० आणि मिळालेले ६८.५ घेतले तर ३१.५ भागिले ६०, त्याची तिप्पट आणि अधिक १ मिळून २.५७५ येतात. दुसरा दशांश सोडून दिला तर २.५ आणि पूर्णांकन केले तर २.६, आणि २.६ म्हणजे एक वर्ग खाली, 'समाधानकारक'. माणूस तोच, पदवी तीच, सूत्रही तेच. फरक पडला तो विद्यापीठाच्या टक्के काढण्याच्या सूत्रामुळे, त्यातल्या ०.७५ च्या वजावटीने सर्वोच्च १० सीजीपीएचेही ९२.५ टक्केच होतात, आणि आपण मात्र कमाल १०० धरून बसतो. म्हणून जर्मन गणनेसाठी गुणपत्रिकेवर जी मूळ पट्टी छापली आहे तीच घ्यावी, मधे टक्क्यांचा टप्पा आणू नये. किमान गुणांकाबाबतही तशीच दक्षता हवी. विद्यापीठाची किमान अट ४ ऐवजी ५ असेल तर उत्तर २.२ ऐवजी २.४४ येते.

जर्मन रेझ्युमेवर ओळ अशी लिहिता येईल:

```
Abschlussnote: 7,60/10 (entspricht ca. 2,2 nach
modifizierter bayerischer Formel; eigene Berechnung)
```

शेवटचे दोन शब्द गणना तुमची स्वतःची असल्याचे सांगतात, आणि ते गाळू नयेत. दशांशासाठी तिथे टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात, तोही पाळावा. सूत्राचा उल्लेख सोडून केवळ '२.२' लिहिण्याचा धोका वेगळा आहे. तोच रेझ्युमे उद्या त्या कंपनीच्या अमेरिकी शाखेत पोहोचला तर तिथला वाचक ते ४ पैकी २.२ समजेल, आणि तो फारच कमकुवत जीपीए ठरतो.

ब्रिटनसाठी आकड्यांचा घोळ कमी आणि शब्दांचा जास्त आहे. तिथे ७० च्या वर 'फर्स्ट', ६० ते ६९ 'अपर सेकंड' म्हणजेच 'टू-वन', ५० ते ५९ 'लोअर सेकंड' आणि ४० च्या वर 'थर्ड' असे पदवीचे वर्ग असतात. गुण हात राखून दिले जात असल्यामुळे ६८.५ टक्के हा आकडा तिथल्या वाचकाला अमेरिकी वाचकाइतका खटकत नाही, आणि तो लिहायला हरकत नाही. मात्र तुमच्या गुणपत्रिकेवरचा 'फर्स्ट क्लास' जसाच्या तसा आणि एकटाच लिहिला, तर तो ब्रिटिश 'फर्स्ट' म्हणून वाचला जाण्याची शक्यता असते. आपला प्रथम वर्ग ६० पासून सुरू होतो, त्यांचा ७० पासून. मुलाखतीत कोणी बारकाईने विचारले तर उमेदवाराने वाढवून सांगितल्यासारखे वाटते, जरी त्याने गुणपत्रिकेवरचेच शब्द उतरवले असले तरी. म्हणून वर्गाची सीमा सोबतच सांगावी:

```
CGPA 7.60/10 (68.5% by university formula)
First Class (awarded at 60% and above)
```

बऱ्याच ब्रिटिश जाहिरातींत 'टू-वन किंवा समकक्ष' अशी अट असते. आपल्याकडील ६० टक्क्यांचा प्रथम वर्ग अनेक ब्रिटिश विद्यापीठे प्रवेशासाठी साधारण त्याच पातळीचा धरतात, पण ही सीमा विद्यापीठागणिक आणि आपल्याकडच्या संस्थेगणिक सरकते. त्यामुळे 'समकक्ष टू-वन' हे शब्द रेझ्युमेवर पदवीच्या ओळीत घालण्याऐवजी सोबतच्या पत्रात लिहावेत आणि कोणत्या विद्यापीठाच्या प्रवेशनिकषावरून म्हणता तेही एका वाक्यात सांगावे. यूके एनिक या संस्थेचे समकक्षता विवरणपत्र तुम्ही घेतले तरी त्यात पदवीची पातळी कळते, वर्ग कळत नाही. तेव्हा केवळ 'टू-वन' सिद्ध करण्यासाठी ते मागवू नका.

पूर्णांकनाबद्दल थोडे. ७.६० चे ७.६ करणे ठीक, ८ करणे नाही. गुणपत्रिकेवर दोन दशांश असतील तर रेझ्युमेवरही दोनच ठेवावेत. अंतिम सीजीपीए छापून आलेला नसेल आणि तुम्ही तो सत्रांच्या एसजीपीएवरून काढणार असाल, तर आठ आकड्यांची साधी सरासरी घेऊ नका. प्रत्येक सत्राच्या एसजीपीएला त्या सत्राच्या श्रेयांकांनी गुणून, बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागावे. शेवटच्या सत्रात प्रकल्पाचे श्रेयांक जास्त असले तर साध्या सरासरीने दुसऱ्या दशांशात आणि कधी पहिल्यातही फरक पडतो, आणि विद्यापीठाचा आकडा आल्यावर तुमचा चुकीचा ठरतो.

दहावी-बारावीचे गुण तिन्ही देशांच्या रेझ्युमेवरून काढून टाकावेत, अर्जात स्वतंत्रपणे विचारले असतील तेवढे अर्जात भरावेत. आणि चार-पाच वर्षांचा कामाचा अनुभव झाल्यावर पदवीच्या ओळीत विद्यापीठ, शाखा व वर्ष एवढेच पुरते. जर्मनीत मात्र अनुभवी उमेदवाराकडूनही अर्जासोबत प्रमाणपत्रे मागण्याची प्रथा आहे, त्यामुळे तिथे मूळ आकडा आणि त्याचे रूपांतर ठेवलेले बरे.